सहा लाख वीस हजारांचे पत्र

गणपती बसले की पोस्टाने, ईमेलने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर देणगीची पत्रे यायला लागतात. दिवाळी उलटेपर्यंत ती येत राहतात आणि मार्चमध्ये करबचतीच्या निमित्ताने पुन्हा सुरू होतात. बहुतेक पत्रांत संस्थेचा इतिहास असतो, मिळालेल्या पुरस्कारांची यादी असते आणि शेवटी ‘यथाशक्ती साहाय्य करावे’ अशी विनंती असते. नेमके किती पैसे हवेत, कशासाठी हवेत, त्यातले हातात आधीच किती आहेत, कमी पडले तर काय करणार, उरले तर काय करणार आणि हिशेब कोणत्या महिन्यात देणार, हे सगळे सांगणारे पत्र क्वचितच हाती पडते. असे पत्र लिहायला कष्ट पडतात, कारण ते लिहिण्याआधी संस्थेला स्वतःचे काम पैशांत मांडावे लागते. एकदा ते छापून गेले की त्यातले शब्द संस्थेला वर्षभर बांधून ठेवतात.

हे पत्र कसे तयार होते ते एका उदाहरणावरून पाहू. संस्था कल्पित आहे आणि आकडेही उदाहरणापुरते घेतलेले आहेत. काम मात्र खरे आहे. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी कुटुंबे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या हद्दीत फडावर जावे लागते. घरी आजी-आजोबा असतील तर मुले त्यांच्याजवळ राहतात. नसतील तर आई-बापांबरोबर कोपीवर जातात, आणि मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत बसते. नोव्हेंबरात शाळेतून गेलेले मूल मार्च-एप्रिलमध्ये परत येते, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. म्हणून हंगामापुरते वसतिगृह चालवायचे, म्हणजे मूल गावातच राहील आणि रोज शाळेत जाईल. सरकारचीही हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आपल्या उदाहरणातली संस्था देणग्यांवर चाळीस मुलांचे वसतिगृह चालवते.

या कामाचे वेळापत्रक कारखाना ठरवतो आणि त्यामुळे पत्राचे वेळापत्रकही तोच ठरवतो. मुले दिवाळीनंतर लगेच येणार असतील तर पत्र ऑगस्टच्या अखेरीस निघायला हवे. ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल यांची पहिली खरेदी ऑक्टोबरात होते. मावशींना आणि स्वयंपाकिणीला दसऱ्याच्या आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर त्याही कोणाच्या तरी कोयत्याबरोबर फडावर निघून जातात. हेच पत्र डिसेंबरात पोहोचले तर मुले आधीच कोपीवर गेलेली असतात आणि आलेल्या पैशांचे करायचे काय, असा प्रश्न उभा राहतो.

आता अंदाज मांडू. चाळीस मुले, पाच महिने म्हणजे दीडशे दिवस. दोन वेळचे जेवण, सकाळचा नाश्ता आणि दूध धरून एका मुलाचा रोजचा खर्च सत्तर रुपये धरला तर जेवणाचे ४,२०,००० रुपये होतात. दोन मावशी, एक स्वयंपाकीण आणि संध्याकाळी अभ्यास घेणारी एक शिक्षिका, यांच्या मानधनाला महिन्याला ३६,००० म्हणजे एकूण १,८०,००० लागतात. गाद्या, चादरी आणि पांघरुणे ४८,०००. वीज, पाण्याचा टँकर, गॅस आणि औषधे मिळून ८२,०००. हिशेबनीस, लेखापरीक्षणाच्या खर्चातला वाटा, पावत्या आणि टपाल यांचे ४०,०००. एकूण ७,७०,००० रुपये.

या पाच ओळींत शेवटची ओळ लिहायला संस्था सर्वात जास्त कचरतात. ‘तुमची संपूर्ण देणगी थेट मुलांपर्यंत’ हे वाक्य लिहिण्याचा मोह होतो आणि मग कार्यालयाचा खर्च दुसऱ्या कुठल्या तरी नावाखाली लपवावा लागतो. हिशेबनिसाला पगार द्यावाच लागतो, कारण ज्या हिशेबाचे वचन पत्रात दिले आहे तो हिशेब तोच लिहिणार असतो. साडेसात-आठ लाखांच्या कामात चाळीस हजार रुपये उघडपणे लिहिले तर समंजस देणगीदार बिचकत नाही, असे मला ठामपणे वाटते. ती ओळच नसली तर मात्र त्याने विचारायला हवे.

नंतरची पायरी वजाबाकीची आहे. संस्थेकडे या कामासाठी मागच्या वर्षीचे आणि मुदत ठेवींच्या व्याजाचे मिळून दीड लाख रुपये आहेत. समाजमंदिराची जागा ग्रामपंचायत फुकट देते. म्हणजे मागणी ७,७०,००० ची न राहता ६,२०,००० ची उरते. पत्रात हे दोन्ही आकडे यायला हवेत. फक्त एकूण खर्च लिहिला तर वाचणाऱ्याला वाटते की सगळा भार देणग्यांवर आहे, आणि ताळेबंदात दीड लाख दिसले की त्याच्या मनात शंका येते. फक्त मागणी लिहिली तर काम आहे त्यापेक्षा स्वस्त वाटते.

आता खरी अवघड गोष्ट, मागायचे कोणत्या मापाने. आपल्याकडे अन्नदानाची परंपरा जुनी आहे. वडिलांची पुण्यतिथी, नातवाचा वाढदिवस, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस या निमित्ताने ‘एक दिवसाचे जेवण’ द्यायला लोक आनंदाने पुढे येतात. आपल्या वसतिगृहात एका दिवसाचे जेवण २,८०० रुपयांचे आहे. आकडा सुटसुटीत आहे, देणाऱ्याला समाधान मिळते आणि फळ्यावर नावही लिहिता येते. म्हणून बऱ्याच संस्था हेच माप वापरतात आणि दोन-तीन हंगामांत अडकतात. जेवणाचे पैसे गरजेपेक्षा जास्त जमतात आणि मावशींच्या मानधनाला कोणीच देत नाही. रात्री ताप आलेल्या मुलाजवळ बसणारी, पहिलीतल्या पोराला आईची आठवण आली की जवळ घेऊन निजवणारी मावशी हीच खरे तर या वसतिगृहाचा आधार असते. तिच्या मानधनावर कोणाच्या पुण्यतिथीची पाटी लागत नाही. पितृपक्षात दिलेल्या जेवणाच्या तारखा तर हंगाम सुरू होण्याआधीच येतात.

आणि पैसे एकदा ‘जेवणासाठी’ म्हणून घेतले की ते मानधनाला वळवता येत नाहीत. म्हणून मापच बदलायला हवे. ७,७०,००० ला दीडशे दिवसांनी भागले तर दिवसाला सुमारे ५,१३० रुपये येतात. यात जेवण आहे, मावशी आहे, दिवा आहे, पाण्याचा टँकर आहे आणि पावती फाडणारा माणूसही आहे. ‘एका दिवसाचे वसतिगृह’ हे माप घेतले तर पुण्यतिथीचा भावही राहतो आणि खर्चाची कोणतीही ओळ अनाथ राहत नाही.

‘एका मुलाचे पालकत्व’ हे दुसरे लोकप्रिय माप आहे. हिशेबाने एका मुलाचे पाच महिन्यांचे १९,२५० रुपये होतात. आकडा बरोबर आहे, पण वचन फसवे आहे. चाळीस मुलांचे वरण एकाच पातेल्यात शिजते, त्यातले अमक्याचे वरण अमक्याने दिले असे म्हणता येत नाही. देणगीदाराला ‘माझा मुलगा’ असे वाटायला लागते. तो त्याचा फोटो मागतो, गुण विचारतो, भेटवस्तू पाठवतो. शेजारच्या गादीवरच्या ज्या मुलाला कोणी ‘घेतलेले’ नसते, त्याला हे सगळे दिसत असते. पत्रात मुलाचे खरे नाव, गाव आणि चेहरा एकत्र छापू नये असे मी म्हणते, तेही याच कारणाने. एकोणीस हजारांचे माप द्यायचेच असेल तर ‘एवढ्या रकमेत साधारण एका मुलाचा हंगाम निघतो, पण पैसे सर्व मुलांच्या एकत्रित खर्चात जातात’ असे स्पष्ट लिहावे.

यानंतर पत्रातला तो परिच्छेद, जो मी कोणत्याही आवाहनात आधी शोधते. आपल्या संस्थेच्या पत्रात तो असा असेल:

‘सप्रेम नमस्कार. या हंगामासाठी आम्हाला आपल्यासारख्या मित्रांकडून ६,२०,००० रुपये हवे आहेत. १५ ऑक्टोबरपर्यंत यापेक्षा कमी रक्कम जमली, तर आम्ही आधी गाद्यांची खरेदी पुढच्या वर्षावर टाकू. तरीही कमी पडले तर चाळीसऐवजी तीस मुले घेऊ. पण जी मुले घेऊ त्यांना हंगाम संपेपर्यंत सांभाळू. जास्त रक्कम जमली तर ती याच वसतिगृहाच्या पुढच्या हंगामासाठी वेगळी ठेवू आणि किती ठेवली ते आपल्याला कळवू. आपली देणगी असे पुढे नेणे आपल्याला मान्य नसेल, तर सोबतच्या चिठ्ठीवर तसे लिहावे. जानेवारीत आम्ही आपल्याला मुलांचे कसे चालले आहे ते एका पानात कळवू आणि ३० जूनपर्यंत पूर्ण हिशेब पाठवू.’

यातले प्रत्येक वाक्य आधी विश्वस्तांच्या बैठकीत ठरलेले असायला हवे. पैसे कमी पडले तर मुले कमी करायची, दिवस कमी करायचे नाहीत, हा निर्णय सहज घेतलेला नसतो. फेब्रुवारीत वसतिगृह बंद करायची वेळ आली तर मुलांना पाठवायचे कुठे? आई-बाप दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडात असतात आणि उचल फिटल्याशिवाय मुकादम त्यांना सोडत नाही. म्हणून ऑक्टोबरात दहा मुलांना नाही म्हणणे जड असले तरी तेच योग्य असते. देणगीदाराला हे आधी कळले तर त्याला आपल्या पाच हजारांचे वजनही कळते.

उरलेल्या पैशांचे वाक्य त्याहून महत्त्वाचे आहे. ठरावीक कामासाठी मागितलेले पैसे त्याच कामाला बांधलेले असतात. कार्यालयाचे छप्पर गळायला लागले किंवा मागच्या वर्षीचे कोणाचे देणे राहिले, म्हणून वसतिगृहाच्या नावावर आलेल्या रकमेतून ते भागवता येत नाही, मग विश्वस्तांचा हेतू कितीही चांगला असो. ज्या संस्था अडचणीत येतात त्यांतल्या पुष्कळ संस्थांत चोरी झालेली नसते. एका खात्यात सगळे पैसे असतात, निकडीच्या वेळी जे दिसतात ते वापरले जातात आणि मार्चअखेर कोणते कोणाचे हे सांगता येत नाही. पत्रातच ‘पुढच्या हंगामासाठी ठेवू’ असे लिहिलेले असेल आणि हिशेबाच्या वहीत पहिल्या दिवसापासून त्याचे वेगळे खाते असेल, तर ही वेळ येत नाही.

हे तपासायचे कुठे, तर ताळेबंदात. महाराष्ट्रात ज्या कायद्याखाली धर्मादाय संस्थांची नोंदणी होते तो १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा. नोंदणी क्रमांकाच्या आधी बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ हे अक्षर असते. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थांना ‘एफ’ मिळते. या संस्थांना दरवर्षी ३१ मार्चचा हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. त्याचे दोन ठरलेले नमुने आहेत. अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चपत्रक. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला, कायम निधीच्या खाली, ठरावीक कामांसाठी बाजूला ठेवलेल्या निधींची जागा आहे. वसतिगृहाचे शिल्लक पैसे तिथे त्या नावाने दिसायला हवेत. खर्चपत्रकात एकीकडे आस्थापना खर्च, लेखापरीक्षण शुल्क असे रकाने आहेत आणि शेवटाकडे ‘विश्वस्तव्यवस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असा रकाना आहे. त्यात पुन्हा शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य असे पोटभाग असतात. नवख्या माणसालाही या दोन जागा पाच मिनिटांत सापडतात. संस्थेने हे दोन कागद मागणाऱ्याला द्यायला कां-कूं केले, तर तेवढे उत्तर पुरेसे समजावे.

या कागदांची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला तुटते. ताळेबंद तयार होतो तेव्हा मुले अजून वसतिगृहात जेवत असतात. शिवाय उत्पन्न-खर्चपत्रकात वसतिगृह, वाचनालय आणि आरोग्य शिबिर यांचे आकडे एकत्र मिसळलेले असू शकतात. ‘माझ्या पत्रातल्या सहा लाख वीस हजारांचे काय झाले’ याचे उत्तर त्यातून थेट मिळत नाही. ते जूनच्या हिशेबातच मिळते, म्हणून त्याचे वचन पत्रात हवे.

पैसे घेण्याच्या रीतीबद्दल पत्राच्या शेवटी थोडके पण अचूक लिहावे. सर्वाधिक गैरसमज करसवलतीबद्दल असतो. ‘८०-जी अंतर्गत ५० टक्के करसवलत’ वाचून पुष्कळांना वाटते की निम्मे पैसे परत मिळतात. प्रत्यक्षात दहा हजार दिले तर त्यातले पाच हजार करपात्र उत्पन्नातून वजा होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर त्यामुळे हजार रुपयांनी आणि थोड्या उपकराने कमी होतो. तोही जुन्या करप्रणालीत. ज्याने नवी करप्रणाली घेतली आहे त्याला या देणगीची वजावट मिळतच नाही, आणि आता नवी प्रणाली न निवडताही आपोआप लागू होते. रोख दिलेली रक्कम दोन हजारांपेक्षा जास्त असेल तर वजावट नाही, आणि वस्तुरूपाने दिलेल्या दानाला तर मुळीच नाही. नुसती संस्थेची पावतीही आता पुरत नाही. २०२१-२२ पासून संस्थेला आपल्या देणगीदारांची यादी पॅनसह आयकर खात्याला कळवावी लागते आणि त्या नोंदीवरून निघालेले प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. म्हणून पत्राबरोबरच्या चिठ्ठीत नाव पॅन कार्डावर असेल तसेच मागावे. प्रमाणपत्र मिळाले नाही म्हणून जुलैत येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे नावातल्या एखाद्या फरकापायी आलेले असतात.

त्या चिठ्ठीवर आणखी एक चौकट हवी: देणगी चालू हंगामासाठी की कायम निधीसाठी. कायम निधीत देणगीदाराने लेखी तसे सांगितले तरच रक्कम जाते, आणि तिचे फक्त व्याज वापरले जाते. या चौकटीत काही खूण नसेल तर संस्थेने स्वतः ठरवू नये, विचारावे. मोठी रक्कम देणारे पुष्कळदा बोलताना ‘कायम राहू दे’ म्हणतात आणि चेकबरोबर एक ओळही लिहून देत नाहीत.

परदेशातल्या मराठी माणसांना हे पत्र गेले तर सावध राहावे लागते. न्यू जर्सीत राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने आपल्या बचतीतून दिलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. त्याच्या शेजारी राहणाऱ्या, अमेरिकी नागरिक झालेल्या मामेबहिणीने दिलेले धरले जातात, मग तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही. तिचे पैसे घ्यायला परकीय योगदान कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, आणि नोंदणी असली तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. आपल्या वसतिगृहाकडे अशी नोंदणी नाही. म्हणून पत्रावरच्या क्यूआर कोडखाली ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ अशी ओळ छापलेली असते. ती नसेल तर एका प्रेमळ बहिणीच्या शंभर डॉलरपायी संस्थेला सरकारी पत्रांना उत्तरे देत बसावे लागते.

आता हिशेबाकडे येऊ. जानेवारीचे पान छोटे असते: किती मुले आली, किती राहिली, काय अडचण आली. जूनच्या हिशेबात मात्र पत्रातल्या त्याच पाच ओळी, त्याच क्रमाने आणि त्याच नावांनी यायला हव्यात. शेजारी अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे दोन रकाने. ही गोष्ट साधी वाटते, पण अनेक अहवाल नेमके इथेच घसरतात. पत्रात ‘मानधन’ म्हटलेले असते आणि अहवालात ते ‘शैक्षणिक उपक्रम’ होऊन येते. मग वाचणाऱ्याला तुलनाच करता येत नाही.

आपल्या वसतिगृहाचा जूनचा हिशेब असा आला असे समजू. देणग्या ६,६२,००० आल्या, संस्थेचे दीड लाख धरून हातात ८,१२,००० झाले. त्या वर्षी ऊस जास्त होता, गाळप लांबले आणि वसतिगृह दीडशेऐवजी एकशे साठ दिवस चालवावे लागले. त्यामुळे जेवणाला ४,२०,००० ऐवजी ४,३८,००० लागले आणि मानधनाला १,८०,००० ऐवजी १,९२,०००. गाद्यांतल्या काही जुन्याच दुरुस्त करून घेतल्या, तिथे ४८,००० ऐवजी ४१,५०० मध्ये भागले. वीज, पाणी, गॅस, औषधे ही ओळ ८२,००० वरून ९६,५०० वर गेली, कारण मार्चमध्ये विहीर आटली आणि टँकर रोजचा झाला. कार्यालयाला ३८,००० लागले. एकूण खर्च ८,०६,०००, शिल्लक ६,०००. ती पुढच्या हंगामाच्या खात्यावर नेली.

या आकड्यांखाली दोन-तीन वाक्ये लागतात आणि त्यांतच हिशेबाची खरी किंमत असते. चाळीस मुले आली, शेवटपर्यंत सदतीस राहिली. एका मुलीची आई फडात आजारी पडली म्हणून तिला धाकट्या भावासह तिकडे नेले. एक मुलगा रमलाच नाही, त्याला आजोळी पाठवले. सदतीसही मुलांनी वार्षिक परीक्षा दिली. ‘चाळीस मुलांना लाभ’ असे लिहून हे झाकता आले असते. पण ती मुलगी फेब्रुवारीत गेली हे कळल्यावरच देणगीदाराला या कामाचा स्वभाव कळतो, आणि पुढच्या वर्षी आजारपणासाठी थोडी तरतूद का वाढवली आहे तेही कळते.

ज्या अहवालात एकही आकडा चुकलेला नसतो त्याकडे मी जास्त काळजीपूर्वक पाहते. ऊस, पाऊस आणि डाळीचा भाव यांच्यावर अवलंबून असलेल्या कामात अंदाज आणि खर्च रुपयाला रुपया जुळत नाहीत. जुळले असतील तर खर्चाचा रकाना अंदाजावरून भरलेला असण्याची शक्यता असते. दुसरी खूण म्हणजे शिल्लक रकमेचा उल्लेखच नसणे. तिसरी, पैशांऐवजी फोटो. समारंभात गाद्या वाटल्याचे दहा फोटो आणि गाद्यांचा खर्च कुठेच नाही, असे अहवाल मी पाहिलेले आहेत. अशा वेळी देणगीदाराने संस्थेला रागाने लिहायची गरज नसते. ‘आपल्या ऑगस्टच्या पत्रातील पाच बाबींपैकी प्रत्येकीवर किती खर्च झाला, ते कृपया कळवावे’ एवढी एक ओळ पुरते. चांगल्या संस्थेकडून आठ दिवसांत उत्तर येते आणि पुढच्या वर्षीपासून तो तक्ता न मागता मिळायला लागतो.

हा हिशेब पाचशे रुपये देणाऱ्यालाही तसाच गेला पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये काचकारखाना निघाला. एक पैसा देणाऱ्यालाही तळेगावला जाऊन तो कारखाना डोळ्यांनी पाहता येत होता. आपल्या वसतिगृहाला पाचशे रुपये देणारा डोंबिवलीचा माणूस पाटोद्याला जाईलच असे नाही. त्याला जे दिसायचे ते जूनच्या त्या एका पानावर दिसते. टपालाचा खर्च वाचवायचा असेल तर चिठ्ठीत ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक घ्यावा, पण रकमेवरून माणसे गाळू नयेत.

आणि एक प्रत गावात लागते. समाजमंदिराच्या भिंतीवर ती लावावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी, कारण देणगीदारांत गावही असते. एप्रिलमध्ये फडावरून परतलेले आई-बाप, ज्यांची मुले आठवड्याला फोनवर बोलत होती, ते पैसे देऊ शकत नाहीत. पण पेरा बरा असेल तर गावातून घरटी पायली-दोन पायल्या ज्वारी येते. त्या ज्वारीची पावती द्यायला हवी, तिची साठा नोंदवहीत नोंद हवी आणि जूनच्या हिशेबात ‘गावाकडून ज्वारी, अमुक क्विंटल, बाजारभावाने अमुक रुपये’ अशी ओळ हवी. ती ओळ राहिली तर जेवणाचा खर्च होता त्यापेक्षा कमी दिसतो, पुढच्या ऑगस्टचा अंदाज त्या कमी आकड्यावर बेततात आणि पाऊस हुकलेल्या वर्षी, ज्वारी आली नाही की, जानेवारीतच डब्यांचा तळ दिसायला लागतो.